किमोनंतरचं काउंटचं इंजेक्शन आणि तिसऱ्या दिवशी ठणकणारी कंबर

किमो झाली की दुसऱ्या दिवशी पोटावर किंवा दंडावर एक छोटंसं इंजेक्शन देतात, पांढऱ्या पेशी पडू नयेत म्हणून, सुई बारीक असते, टोचल्याचं फारसं काही वाटतही नाही. आणि मग एक-दोन दिवसांनी अचानक कंबर, खुबे, मांड्या, छातीचं मधलं हाड असं सगळं आतून ठणकायला लागतं, काहींना तर बसता येत नाही आणि झोपताही येत नाही. पेशंट विचारतात की किमो तर सलाईनमधून गेली, इंजेक्शन पोटाला दिलं, मग हाडांनी काय घोडं मारलंय? त्यात आधीच कॅन्सर असलेल्या माणसाचं हाड दुखायला लागलं की मनात पहिला विचार कुठला येतो हे सांगायला नको. डॉक्टर "हाडं थोडी दुखतील हं" एवढं म्हणतात आणि पुढच्या पेशंटकडे वळतात. ते थोडं म्हणजे किती, का, आणि कधीपर्यंत, ते इथे नीट बघू.

किमोत पेशी का पडतात

किमोची बरीच औषधं भराभर विभागणाऱ्या पेशींवर तुटून पडतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतात म्हणून औषध लागू पडतं. पण शरीरात भराभर विभागणाऱ्या चांगल्या पेशीही असतात, केसांच्या मुळाशी, तोंडाच्या आतल्या त्वचेत, आतड्यात, आणि सगळ्यात जास्त म्हणजे बोन मॅरोत, हाडांच्या आत जो मऊ भाग असतो ना, तिथे. रक्तातल्या सगळ्या पेशी तिथेच तयार होतात.

आता पांढऱ्या पेशी अनेक प्रकारच्या असतात, पण या लेखापुरता एकच प्रकार लक्षात ठेवा, न्यूट्रोफिल. जंतू शिरले की सगळ्यात आधी पोचणारी पेशी ती हीच. हिचं आयुष्य फारच कमी, रक्तात आली की काही तास ते फार तर एखादा दिवस, त्यामुळे मॅरोला रोज सुमारे 100 अब्ज नवीन न्यूट्रोफिल बनवावे लागतात. लाल पेशी चार महिने टिकतात, प्लेटलेट आठ-दहा दिवस, म्हणून किमोने मॅरोचं काम थांबलं की पहिला फटका न्यूट्रोफिलना बसतो. तोही लगेच दिसत नाही कारण मॅरोत तयार माल थोडा शिल्लक असतो, तो संपेपर्यंत काउंट बरे दिसतात आणि मग साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या मध्ये तळ गाठतात. नेमका कधी आणि किती खोल ते औषधावर अवलंबून आहे.

तळ म्हणजे किती? निरोगी माणसात एका मायक्रोलिटर रक्तात साधारण 1,500 ते 8,000 न्यूट्रोफिल असतात. 500 च्या खाली गेले की धोका खरा. तेव्हा आपल्याच तोंडातले, आतड्यातले एरवी गुमान राहणारे जंतू रक्तात शिरू शकतात, आणि अशा वेळी ताप आला तर तो इमर्जन्सी धरला जातो, ताबडतोब ॲडमिट करून शिरेतून अँटिबायोटिक सुरू करतात. इंजेक्शनचा सगळा खटाटोप हा ताप टाळण्यासाठी आहे. रिपोर्टवरचा आकडा छान दिसावा म्हणून ते देत नाहीत.

इंजेक्शन नक्की करतं काय

या औषधाला जी-सीएसएफ म्हणतात आणि हे बाहेरून आणलेलं काही परकं रसायन नाही, इन्फेक्शन झालं की आपलं शरीर स्वतःच हे प्रोटीन बनवतं आणि मॅरोला निरोप पाठवतं की न्यूट्रोफिल वाढवा. औषध म्हणून येतं ते प्रयोगशाळेत बॅक्टेरियाकडून बनवून घेतलेलं, फिलग्रास्टिम, 1991 साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. ते काही तासांत शरीरातून निघून जातं म्हणून रोज टोचावं लागतं, काउंट सावरेपर्यंत. 2002 मध्ये त्याचाच लांब टिकणारा भाऊ आला, पेगफिलग्रास्टिम, ज्याला सगळे नुसतं "पेग" म्हणतात. त्याच प्रोटीनला एक लांब रासायनिक शेपूट जोडलेली असते, त्यामुळे किडनीतून ते बाहेर पडत नाही, आणि मोठ्या माणसाला एका सायकलला 6 मिलिग्रॅमचं एकच इंजेक्शन पुरतं. यात एक गंमत आहे जी मला फार आवडते: पेगची विल्हेवाट लावतात ते मुख्यतः न्यूट्रोफिलच. म्हणजे न्यूट्रोफिल कमी असतील तोवर औषध अंगात टिकून राहतं, आणि ते भरपूर झाले की तेच औषध संपवून टाकतात, मीटर न लावता आपोआप डोस ठरतो.

मॅरोत काय होतं ते समजायला एक शाळा डोळ्यासमोर आणा. पहिलीच्या वर्गात कच्च्या पेशी भरती होतात, विभागत विभागत वरच्या वर्गांत जातात, शेवटचे काही वर्ग नुसते पिकण्याचे, तिथे विभागणं बंद, आणि मग पास होऊन रक्तात. शेवटच्या वर्गात पास झालेली पण अजून बाहेर न सोडलेली बरीच मुलं थांबलेली असतात, तोच तो शिल्लक माल. जी-सीएसएफ आलं की तीन गोष्टी एकदम होतात. एक, थांबलेल्यांना लगेच गेटबाहेर सोडतात. दोन, पिकायला एरवी पाच-सहा दिवस लागतात ते एक-दोन दिवसांवर येतं. तीन, खालच्या वर्गांत विभागण्याच्या काही फेऱ्या जास्तीच्या होतात, आणि फेरी म्हणजे दुप्पट, तीन फेऱ्या वाढल्या तर जिथून एक पेशी निघणार होती तिथून आठ निघतात. पट वाढला पण शाळेची इमारत तेवढीच, आणि भिंती हाडाच्या.

किमोनंतर लगेच का नाही देत

हे विचारणारे खूप असतात, विशेषतः हॉस्पिटल लांब असेल तर, की आलोच आहोत तर आजच द्या ना, उद्या परत कशाला यायचं. कारण सोपं आहे. इंजेक्शन खालच्या वर्गांना भराभर विभागायला लावतं, आणि किमो भराभर विभागणाऱ्यांनाच मारते, किमोचं औषध अंगात असताना मॅरोला पळायला लावलं तर जास्त पेशी मरतील आणि तळ अजून खोल जाईल. म्हणून किमो संपल्यावर किमान 24 तास थांबायचं. याच कारणाने पेग दिल्यावर पुढची किमो 14 दिवसांच्या आत देऊ नये असंही औषधाच्या माहितीत लिहिलेलं असतं. काही ठिकाणी त्वचेला चिकटवायचं छोटं यंत्र मिळतं, ते किमोच्या दिवशी लावून पाठवतात आणि सुमारे 27 तासांनी ते स्वतःच औषध सोडतं, हेलपाटा वाचतो. जिथे ते नाही तिथे घरीच टोचायला शिकवतात, फ्रिजमध्ये ठेवायचं, टोचण्याआधी अर्धा तास बाहेर काढायचं, हलवायचं नाही.

बरं, मग हाडं का दुखतात

हाड म्हणजे खडू असा आपला समज असतो, कोरडं, मेलेलं. तसं नाहीये. हाडाच्या बाहेरच्या पातळ आवरणात आणि आत मॅरोतसुद्धा बारीक नसा असतात, दुखणं कळवणाऱ्या, म्हणून तर नडगीला काही लागलं की जीव जातो.

दुखण्याची कारणं तीन, आणि ती एकमेकांत मिसळलेली आहेत, कुणाचा वाटा किती यावर संशोधकांचं अजून एकमत नाही. पहिलं म्हणजे जागा. वर सांगितलं तसं पेशींची संख्या एकदम वाढते, हाडाच्या भिंती काही फुग्यासारख्या ताणत नाहीत, आत दाटी होते आणि दाब वाढतो. दुसरं, ही सगळी धावपळ होताना प्रोस्टाग्लँडिन, हिस्टामिन अशी सूज आणणारी रसायनं सुटतात, आणि ही रसायनं नसांना हळवं करतात, म्हणजे एरवी जो दाब जाणवलाही नसता तो आता दुखतो. तिसरं, उंदरांवरच्या प्रयोगात दिसलंय की दुखणं कळवणाऱ्या काही नसांवर जी-सीएसएफ पकडणारी जागाच असते, म्हणजे औषध नसेला थेटही चाळवू शकतं. मला वाटतं लोकांना नेहमी फक्त पहिलं कारण सांगितलं जातं, मॅरो फुगला म्हणून दुखतं, एवढंच, आणि मग सूज कमी करणाऱ्या गोळ्यांनी आराम का पडतो हे कोडं राहतं. दाबाची गोष्ट खरी असली तरी अर्धीच आहे.

दुखतं कुठे यावरूनही बरंच कळतं. लहानपणी जवळजवळ सगळ्या हाडांत रक्त बनत असतं, मोठेपणी ते काम मधल्या हाडांकडे राहतं: कमरेचं हाड म्हणजे पेल्विस, मणके, छातीचं मधलं हाड, बरगड्या, कवटी आणि मांडीच्या व दंडाच्या हाडांची वरची टोकं. आता इंजेक्शननंतर पेशंट जिथे जिथे बोट ठेवतात ती यादी घ्या, कंबर, खुबे, मांडीचा वरचा भाग, छातीचा मध्य, कधी जबडा आणि डोकं. सांगण्याची पद्धतही ठरलेली, "नाडीसोबत ठसठस करतंय", "आतून कुणीतरी ठोकतंय", आणि ते अचानक येतं, लाटेसारखं, खोकलं तरी छातीत कळ येते.

एक सायकल, दिवसाला दिवस लावून

समजा एक बाई आहेत, 48 वर्षांच्या, ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, आता डोसेटॅक्सेल आणि सायक्लोफॉस्फमाइड अशा दोन औषधांची किमो, दर 21 दिवसांनी. या जोडीत ताप येऊन ॲडमिट व्हायचा धोका इतका असतो (20 टक्क्यांच्या वर असेल तर इंजेक्शन पहिल्या सायकलपासूनच द्यायचं असा सर्वसाधारण नियम आहे) की पेग ठरलेलंच.

सोमवारी दुपारी दोनपर्यंत किमो संपली. डोसेटॅक्सेलची ॲलर्जी आणि सूज येऊ नये म्हणून रविवार ते मंगळवार तीन दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या आहेत. मंगळवारी संध्याकाळी पाचला पेग घेतलं. बुधवारी बाई एकदम बऱ्या, घरात कामं करतायत, फोनवर सांगतायत की मला काहीच त्रास नाही. गुरुवारी सकाळी उठताना कंबर जड. दुपारी ठणका सुरू. शुक्रवार सगळ्यात वाईट, जिना चढता येत नाही, रात्री दर तासाला कूस बदलतायत. शनिवारी निम्मं, रविवारी संध्याकाळपर्यंत गेलं.

गुरुवारीच का? तीन गोष्टी एकाच दिवशी येऊन भेटल्या. पेगने मॅरोत धांदल उडवलीय. मंगळवारी रात्री स्टेरॉइड संपलंय, आणि स्टेरॉइड हे स्वतः सूज आणि दुखणं दाबणारं औषध, त्यामुळे त्याचं पांघरूण निघाल्यावर खालचं सगळं उघडं पडतं. आणि डोसेटॅक्सेल, पॅक्लिटॅक्सेल ही औषधं स्वतःही दोन-तीन दिवसांनी सांधे आणि स्नायू दुखवतात, पायांत गोळे, गुडघे, तळवे असं. म्हणून या बाईंचं सगळं दुखणं इंजेक्शनच्या माथी मारणं बरोबर नाही. मधल्या हाडांत खोल ठसठस असेल तर बहुधा पेग, हातापायांत पसरलेली ठणक असेल तर किमोचा वाटा जास्त, अर्थात दोन्ही एकदम असतात तेव्हा वेगळं काढणं डॉक्टरांनाही जमत नाही.

आता याच आठवड्यातले रिपोर्ट बघा, कारण घरच्यांची झोप उडते ती इथेच. गुरुवारी कुणीतरी घाईने सीबीसी करून आणलं, पांढऱ्या पेशी 28,000. सगळे घाबरले, इन्फेक्शन झालं, किंवा याहून काही भलतंच. खरं तर ही शेवटच्या वर्गात थांबलेली मुलं एकदम बाहेर सोडल्याची गर्दी आहे, त्यात स्टेरॉइडनेही काउंट वाढतात. रिपोर्टवर बँड सेल्स, मायलोसाइट असे शब्द दिसले तर त्या अर्धवट पिकून लवकर बाहेर पडलेल्या पेशी. या दिवसात हे अपेक्षितच आहे. पुढच्या सोमवारी म्हणजे आठव्या दिवशी परत केलं, एकूण पेशी 1,100, त्यात न्यूट्रोफिल 36 टक्के. 1,100 चे 36 टक्के म्हणजे 396. घरचे म्हणणार इंजेक्शन फुकट गेलं. पण नाही, हा तळ आहे आणि तो पेग घेतलं तरी येतोच, फरक इतकाच की तो लवकर येतो आणि लवकर भरतो. गुरुवारी, अकराव्या दिवशी, परत 14,000. पेगशिवाय या खड्ड्यातून वर यायला बरेच जास्त दिवस लागले असते, आणि तेवढे दिवस उघड्यावर राहणं हाच धोका. 2005 मध्ये छापून आलेल्या एका मोठ्या चाचणीत ब्रेस्ट कॅन्सरच्या 928 पेशंटना डोसेटॅक्सेल दिलं होतं, निम्म्यांना पेग आणि निम्म्यांना नुसतं पाण्याचं इंजेक्शन. कमी काउंटमध्ये ताप आला तो पाण्याचं इंजेक्शन घेतलेल्यांपैकी 17 टक्क्यांना, पेग घेतलेल्यांपैकी 1 टक्क्याला.

आणि हो, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट या इंजेक्शनने वाढत नाहीत, तेवढ्यासाठी त्याला नावं ठेवू नका.

"पण हे कॅन्सर हाडात गेल्यामुळे तर नसेल?"

हा प्रश्न पेशंट बहुतेक वेळा विचारतच नाहीत, मनात ठेवून रात्रभर जागतात, म्हणून मीच काढतो.

सगळ्यात चांगला पुरावा निरोगी माणसांकडून येतो. दुसऱ्यासाठी स्टेम सेल दान करणाऱ्यांना हेच औषध चार-पाच दिवस रोज देतात, तेही जास्त डोसने. त्यांना कॅन्सर नाही, किमो नाही, काही नाही, आणि तरी बहुतेकांना अगदी याच जागी अशीच हाडं दुखतात आणि औषध थांबलं की काही दिवसांत थांबतात. म्हणजे दुखायला आजार लागत नाही, इंजेक्शन पुरतं.

वेळापत्रक बघा. इंजेक्शननंतर एक-दोन दिवसांनी सुरू, दोन-चार दिवसांत कमी, दोन्ही बाजूंना, बऱ्याच हाडांत एकदम, आणि पुढच्या सायकलला तसंच परत. हाडात पसरलेल्या कॅन्सरचं दुखणं असं कॅलेंडर बघून येत नाही, ते सहसा एका ठरावीक जागी बसतं, आठवड्यागणिक वाढत जातं, आणि सायकलच्या मधल्या बऱ्या दिवसांतही सुटत नाही. तर तसं असेल, किंवा पाठ दुखताना पायांत ताकद कमी वाटतेय, बधीरपणा आलाय, लघवी-संडासवर ताबा राहत नाहीये असं काही असेल तर इंजेक्शनचं दुखणं म्हणून घरी बसायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

याला जोडून आणखी एक. इंजेक्शननंतर लगेच पेट स्कॅन केला तर जागा झालेला मॅरो सगळीकडे उजळलेला दिसतो, मणके, पेल्विस सगळं, आणि ज्याला इंजेक्शनचं माहीत नाही त्याची वाचताना गफलत होऊ शकते. स्कॅनच्या फॉर्मवर इंजेक्शनची तारीख लिहायची, कुणी विचारलं नाही तरी.

"मला दुखलंच नाही, मग लागू पडलं नाही का?"

पडलं असेल. किती दुखलं यावरून काउंट किती वाढले हे सांगता येत नाही. कुणाचा मॅरो शांतपणे काम करतो, कुणाचा आरडाओरडा करून. तरुण पेशंटना आणि ज्यांना आधीपासून हाडांचं दुखणं आहे त्यांना जास्त दुखतं असं दिसलंय, आणि बऱ्याच जणांना पहिली सायकल सगळ्यात जड जाते, पुढे थोडं सौम्य होतं. पण ते सगळ्यांच्या बाबतीत खरं नाही.

गोळी घ्यायची, पण आधी थर्मामीटर

इथे जरा थांबून वाचा. पॅरासिटामॉल हे पहिलं औषध, साधं, आणि बऱ्याच जणांना पुरतं. अडचण एकच, ते ताप उतरवतं. दर सहा तासांनी न चुकता गोळी घेणाऱ्या माणसाला काउंट तळाला असताना ताप आला तर कळणारच नाही. म्हणून प्रत्येक गोळीआधी ताप मोजायचा आणि लिहून ठेवायचा. एकदाच 38.3 सेल्सिअस म्हणजे साधारण 101 फॅरेनहाइट दिसला, किंवा 38 म्हणजे 100.4 तासभर टिकला, तर गोळी घेऊन झोपायचं नाही, हॉस्पिटलला फोन करायचा आणि निघायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी. सुदैवाने हाडांच्या ठणक्याचे दिवस बहुधा तिसरा ते सहावा आणि काउंटचा तळ त्यानंतर, म्हणजे गोळ्यांची खरी गरज संपते तेव्हा तापावर नजर ठेवायचे दिवस सुरू होतात. आठव्या दिवशी अजून सवयीने गोळी चालू आहे असं असेल तर ती बंद करता येते का ते विचारा.

पॅरासिटामॉलने भागत नसेल तर नॅप्रोक्सेन. यावर चांगला अभ्यास आहे, 2012 मध्ये प्रसिद्ध झालेला, पेग घेणाऱ्या 510 पेशंटवर. निम्म्यांना इंजेक्शनच्या दिवसापासून पाच ते आठ दिवस 500 मिलिग्रॅम नॅप्रोक्सेन दिवसातून दोनदा, निम्म्यांना खोटी गोळी. खोट्या गोळीवाल्यांत 71 टक्के लोकांची हाडं दुखली, नॅप्रोक्सेनवाल्यांत 61. जोरात दुखणारे 27 टक्क्यांवरून 19 वर आले, आणि दुखण्याचा सरासरी काळ 2.4 दिवसांवरून 1.9 वर. म्हणजे फायदा आहे, पण जादू नाही, आणि खरं सांगायचं तर या आकड्यांत मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की काहीच औषध न घेतलेल्या दहातल्या सात जणांना दुखलं, म्हणजे "काहींना थोडं दुखतं" हे वाक्य जरा खालच्या पट्टीतलं आहे.

पण नॅप्रोक्सेन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही मंडळी मनाने घ्यायची नाहीत. प्लेटलेट कमी असतील तर रक्तस्राव होऊ शकतो, किडनीवर ताण येतो, सिसप्लॅटिनसारखी किमो चालू असेल तर तो ताण दुप्पट धोक्याचा, आणि पोटात अल्सर असेल तर वेगळंच. शिवाय तापही ती लपवतातच. किमोच्या डॉक्टरांना विचारूनच.

लोरॅटाडिन नावाची ॲलर्जीची गोळीही बरेच जण सुचवतात, हिस्टामिन अडवायचं म्हणून. कल्पना पटण्यासारखी आहे, कुणाकुणाला खूप फरक पडतो असंही सांगतात, पण चाचण्यांमधले निकाल तितके ठोस नाहीत. गोळी तशी सौम्य असल्यामुळे बरेच डॉक्टर "घेऊन बघा" म्हणतात, ते ठीकच. हे सगळं करूनही दुखत असेल तर दोन-तीन दिवसांपुरतं जास्त तीव्र पेनकिलर देता येतं, किंवा पेगऐवजी रोजचं छोटं इंजेक्शन देऊन बघता येतं, ज्यात काउंट सावरले की थांबवायची सोय असते. म्हणजे पर्याय आहेत, दात-ओठ खाऊन सहन करायची गरज नाही.

कुठलं दुखणं हाडाचं नाही

डाव्या बरगड्यांच्या खाली पोटात किंवा डाव्या खांद्याच्या टोकाला दुखायला लागलं तर तो प्लीहेचा इशारा असू शकतो. या औषधाने प्लीहा मोठी होते, आणि अगदी क्वचित, पण खरोखर, ती फाटू शकते. खांदा आणि पोटाचा काय संबंध असं वाटून लोक शेक घेत बसतात, तसं करू नका, लगेच दाखवा. दम लागणं, अंगावर एकदम सूज, लघवी कमी होणं, घसा-तोंड सुजणं, हेही त्याच दिवशी सांगायचं. आणि ज्यांना सिकलसेलचा आजार आहे त्यांनी तर इंजेक्शन घेण्याआधीच सांगायला हवं, त्यांच्यात हे औषध सिकलसेलचा गंभीर झटका आणू शकतं.

"पेशी वाढवणारं औषध कॅन्सरही वाढवेल ना?"

शंका रास्त आहे. जी-सीएसएफ ऐकणारी यंत्रणा मुख्यतः न्यूट्रोफिलच्या घराण्यात असते, आणि ब्रेस्ट, फुप्फुस, लिम्फोमा अशा आजारांत हे इंजेक्शन घेतलेल्यांचं आयुष्य त्यामुळे कमी झालंय असं मोठ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर दिसलेलं नाही, उलट वेळेवर आणि पूर्ण डोसची किमो घेता आल्याने मृत्यू थोडे कमीच होते. मात्र त्याच 25 चाचण्यांच्या हिशेबात, 2010 साली, एक गोष्ट पुढे आली ती लपवण्यासारखी नाही: पुढे रक्ताचा कॅन्सर किंवा त्याच्या आधीची अवस्था होण्याचं प्रमाण थोडं वाढलेलं होतं, हजारात साधारण चार जास्त. यात औषधाचा दोष किती आणि त्याच्या जोरावर दिलेल्या जास्त किमोचा किती हे वेगळं करता येत नाही, कारण किमोची काही औषधं स्वतःच हे करतात. रक्ताच्याच काही कॅन्सरमध्ये डॉक्टर या इंजेक्शनबाबत जास्त जपून असतात, कारण तिथल्या कॅन्सरच्या पेशी न्यूट्रोफिलच्याच घराण्यातल्या असू शकतात.

मग नको म्हटलं तर?

म्हणता येतं, पण डॉक्टरांशी बोलून. ज्या किमोत तापाचा धोका 10 टक्क्यांच्या खाली आहे तिथे ते मुळात देतच नाहीत. 10 ते 20 च्या मधे असेल तर वय 65 च्या वर आहे का, आधी असा ताप येऊन गेलाय का, लिव्हर-किडनी कशी आहे हे बघून ठरवतात, आणि इथे "मागच्या वेळी मला तीन रात्री झोप नव्हती" हे वाक्य खरंच वजनाचं असतं, ते सांगायला हवं. 20 च्या वर असेल आणि बरं करण्यासाठीची किमो असेल तर इंजेक्शन सोडण्याची किंमत बहुतेक वेळा किमोचा डोस कमी करणं किंवा पुढची सायकल आठवडाभर ढकलणं अशी मोजावी लागते. तेव्हा पुढच्या वेळी ओपीडीत जाताना एका कागदावर एवढं लिहून न्या: इंजेक्शन कुठल्या तारखेला किती वाजता घेतलं, दुखणं कधी सुरू झालं, कुठे, दहापैकी किती, कुठली गोळी घेतल्यावर किती वेळ आराम पडला, आणि त्या दिवसांत ताप किती होता. तो कागद समोर असला की गोळी बदलायची, आधीपासून सुरू करायची की इंजेक्शनच बदलायचं हे दोन मिनिटांत ठरतं.